एक लेखिका, पाच नोंदी

‘कळ्यांचे निःश्वास’ आमच्या कपाटात होतं, पण संगणकावर सापडत नव्हतं. काउंटरवर वाचक ताटकळत उभ्या होत्या आणि मी नाव पुन्हा पुन्हा टाइप करत होते. शेवटी ग्रंथपालबाई उठल्या, फडताळातून पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं आणि मला म्हणाल्या, “नोंद तूच केलीस ना? उघडून बघ.”

त्या जुन्या ग्रंथालयात मी प्रशिक्षणार्थी म्हणून लागले होते. हस्तलिखित दाखल नोंदवहीतली पुस्तकं एकेक करून संगणकावर चढवायची, हे माझं काम. हे निव्वळ टायपिंग आहे, असा माझा समज पहिला आठवडाभर टिकला.

नोंद उघडली. शीर्षक अगदी बरोबर दिसत होतं. चूक डोळ्यांना दिसणारी नव्हतीच. ‘निःश्वास’मधला विसर्ग मी शिफ्ट दाबून कोलनच्या कळीनं उमटवला होता. पडद्यावर ‘नि:श्वास’ आणि ‘निःश्वास’ यांत फरक करायला भिंग लागेल, पण संगणकाच्या लेखी विसर्ग हा देवनागरीतला एक वर्ण आहे आणि कोलन हे विरामचिन्ह. शोधणाऱ्यानं एक टाइप केलं आणि नोंदीत दुसरं असलं, तर दोघांची गाठ पडत नाही. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘निःशब्द’ या सगळ्या शब्दांची हीच गत.

अशा चुका हुडकायची एक सोपी युक्ती बाईंनी दाखवली. ग्रंथालयाच्या नोंदीत मुख्य शीर्षक आणि उपशीर्षक यांच्यामध्ये कोलन येतो, पण नियमानं त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा असते. त्यामुळे दोन देवनागरी अक्षरांना घट्ट चिकटलेला कोलन दिसला, की तो बहुतेक विसर्गाचा तोतया. शीर्षकांचा रकाना वेगळा काढून मी नुसता कोलन शोधला. तोतये बरेच निघाले आणि सगळे माझेच होते.

पण त्या पुस्तकाचं खरं दुखणं पुढच्या रकान्यात होतं. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली आला, तो ‘विभावरी शिरूरकर’ या नावानं. हे टोपणनाव होतं. त्यामागे कोण आहे हे तेव्हा वाचकांना ठाऊक नव्हतं आणि पुस्तकावर वादळ उठलं, तेव्हा त्या नावामागचा माणूस शोधायची धडपडही झाली. लेखिका होत्या बाळूताई खरे. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. एका बाईंची तीन नावं, आणि तिन्ही छापील.

आमच्या यादीत मात्र त्यांची पाच नावं झाली होती. ‘शिरूरकर, विभावरी’. ‘शिरुरकर, विभावरी’, म्हणजे रु ऱ्हस्व. ‘बेडेकर, मालतीबाई’. ‘मालती बेडेकर’, आडनाव मागे ठेवून. आणि ‘खरे, बाळूताई’. ज्या पुस्तकावर जे नाव दिसलं, ते त्या त्या दिवशी जसं सुचलं तसं कुणीतरी लिहिलं होतं. प्रत्येक नोंद आपापल्या जागी खरीच होती. पण ‘या बाईंचं तुमच्याकडे काय काय आहे?’ या प्रश्नाला यादी पाच अर्धवट उत्तरं देत होती.

फडताळ इथं मदतीला येत नाही. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. त्यापुढे १ लावला की कविता, २ लावला की नाटक, ३ लावला की कथा-कादंबरी. म्हणजे पुस्तकाच्या कण्यावरची चिठ्ठी पुस्तकाला प्रकाराप्रमाणे बसवते. एकाच हातचं कथेतर लेखन भलत्याच कपाटात जातं, आणि ते तसंच जायला हवं. त्या व्यक्तीचं सगळं लेखन एकत्र येतं ते फक्त तालिकेत, तेही तालिकेत तिचं नाव एकाच रूपात असेल तरच.

मग पुस्तकावरचं नाव खोडायचं का? मुळीच नाही. ही गोष्ट कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. नोंदीत दोन जातींचे रकाने असतात. एका जातीत पुस्तक स्वतःबद्दल जे सांगतं ते जसंच्या तसं उतरवायचं. जुनं शुद्धलेखन असेल तरी सुधारायचं नाही. दुसऱ्या जातीत ग्रंथालयाला जे माहीत आहे ते ठरलेल्या एकाच साच्यात लिहायचं. बहुतेक ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींत रकान्यांना आकडे असतात. २४५ हा शीर्षकाचा, तो पहिल्या जातीचा. १०० हा मुख्य लेखकाचा, तो दुसऱ्या जातीचा. या दोन्हींशिवाय व्यक्तीची स्वतःची एक वेगळी नोंद ठेवतात आणि तिच्या ४०० क्रमांकाच्या रकान्यांत बाकीची नावं जातात. आमची नोंद शेवटी अशी झाली:

```
पुस्तकाची नोंद
100 1  $a शिरूरकर, विभावरी, $d 1905-2001
245 10 $a कळ्यांचे निःश्वास / $c विभावरी शिरूरकर

व्यक्तीची नोंद
100 1  $a शिरूरकर, विभावरी, $d 1905-2001
400 1  $a शिरुरकर, विभावरी
400 1  $a बेडेकर, मालतीबाई
400 1  $a खरे, बाळूताई
```

आता ‘बेडेकर, मालतीबाई’ शोधणाऱ्याला यादी ‘शिरूरकर, विभावरी’कडे पाठवते. टोपणनावच मुख्य का, यावर आमच्याकडे चहाच्या दोन फेऱ्या वाद झाला. वाचक त्याच नावानं मागतात, हे कारण जिंकलं. काही ग्रंथालयं टोपणनाव आणि खरं नाव अशा दोन स्वतंत्र नोंदी ठेवतात आणि ‘हेही पाहा’ म्हणून त्या जोडतात. तेही नियमात बसतं. बसत नाही ते एवढंच, की सोमवारी एक रीत आणि गुरुवारी दुसरी. म्हणून घेतलेला निर्णय एका वहीत तारखेसह लिहायचा. माझ्यानंतर येणाऱ्याला संगणकापेक्षा त्या वहीचा उपयोग जास्त होईल, असं मला वाटतं.

सालाच्या रकान्यातही हीच दोन जातींची सरमिसळ भोवते. एका पोथीवजा पुस्तकावर ‘शके १८१२, पुणे’ एवढंच होतं आणि नोंदवहीत कुणीतरी सरळ १८१२ लिहून टाकलं होतं. १८१२ साली पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. खिळ्यांनी छापलेलं पुस्तक तेव्हा तिथून निघणं शक्य नव्हतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन १८९० येतो. पण शक चैत्रात सुरू होतो, त्यामुळे माघ-फाल्गुनात छापलेलं पुस्तक १८९१चं ठरतं. महिना छापलेला नसेल तर एकच साल ठोकून द्यायचं नाही. ‘[१८९० किंवा १८९१]’ असं चौकटी कंसात लिहायचं. कंसाचा अर्थ, हे पुस्तकानं सांगितलेलं नाही, आम्ही काढलेलं आहे. ‘शके १८१२’ हे मूळ शब्द टिपेच्या रकान्यात राहतात, म्हणजे आमचं गणित चुकलं तर पुढच्याला दुरुस्त करता येतं.

संवताचं प्रकरण आणखी फसवं. ‘संवत् १९४७’ दिसलं की स्वातंत्र्याचं साल समजून हात पुढे जातो. त्यातून ५७ वजा केले की पुन्हा तेच १८९० येतं. कागद पिवळा पडून कडा तुटत असतील आणि साल १९४७ लिहिलेलं असेल, तर आख्यापत्र, म्हणजे आतलं शीर्षकाचं पान, पुन्हा वाचायचं. मुखपृष्ठावर विसंबायचं नाही; जुन्या पुस्तकांची बांधणी बदललेली असते आणि मुखपृष्ठ कधी कधी दुसऱ्याच आवृत्तीचं निघतं.

दर शुक्रवारी मी लेखकांचा रकाना वेगळा काढून अकारविल्हे लावते. प्रत्येक नावापुढे ते किती वेळा आलं तो आकडा येतो. बारा वेळा आलेल्या नावाशेजारी जवळजवळ तसंच, पण एकदाच आलेलं नाव दिसलं, की ते पुस्तक कपाटातून मागवायचं आणि आख्यापत्र उघडायचं. कधी ती आमची चूक असते. कधी त्याच नावाचा खरोखरच दुसरा माणूस असतो; मग जन्मसाल शोधून ते नावापुढे जोडायचं. गेल्या शुक्रवारी ‘जोशी, वि.’ आले होते. पुस्तकाला आख्यापत्रच नव्हतं, वाळवीनं नेलं होतं. ती नोंद अजून अर्धीच आहे आणि पुस्तक माझ्या टेबलावर आहे, दाखल क्रमांक पेन्सिलीनं घातलेला.