राजा, सरदार आणि पोटभाडेकरू

सातवी-आठवीतल्या मुलाला युरोपातली सरंजामशाही समजावताना बहुतेक जण कागदावर एक त्रिकोण काढतात. टोकाला राजा, त्याखाली सरदार, मग घोडेस्वार योद्धे आणि तळाला शेतकरी. वर म्हणतात, "शाळेत कसे मुख्याध्यापक, शिक्षक, विद्यार्थी असतात, तसंच हे." मुलाला ते लगेच पटतं, आणि घोटाळा तिथेच होतो. मुख्याध्यापक कुठल्याही वर्गात शिरून कुठल्याही मुलाला उभं करू शकतात. अकराव्या शतकातल्या फ्रान्सच्या राजाला हे जमत नव्हतं. योद्ध्याने इमान वाहिलेलं असे ते आपल्या सरदाराला. राजाशी त्याचा थेट व्यवहारच नसे. शाळेच्या उपमेतून उतरंड तेवढी कळते, मधली ही तुटलेली दोरी दिसत नाही.

त्यापेक्षा पोटभाडेकरू बरा. मुलाला सांगावं, समज, एकाचा भलामोठा वाडा आहे. त्याच्यावर सतत चोर-दरोडेखोर येतात, राखणदार ठेवायला हातात रोकड नाही. म्हणून तो एकेक मजला एकेका बिऱ्हाडाला देतो. भाडं पैशात नाही. अट एवढीच की मी हाक मारली की काठी घेऊन धावत यायचं. ते बिऱ्हाडकरूही आपल्या मजल्यावरच्या खोल्या याच अटीवर पोटभाडेकरूंना देतात. आता विचारावं, मालकाचं आणि दुसऱ्या मजल्याचं वाजलं, तर त्या मजल्यावरचा पोटभाडेकरू कुणाच्या बाजूने काठी उचलेल? मूल क्षणभर थांबतं आणि म्हणतं, "ज्याने खोली दिली त्याच्या." फ्रान्सच्या राजाची अडचण त्याला कळली.

मग वाड्याच्या जागी खरे तपशील ठेवत जायचे. मजला म्हणजे गावांसह जमीन. करार कागदावर नव्हे, तर सोहळ्यात होई: घेणारा गुडघे टेकून आपले जोडलेले हात धन्याच्या हातांत देई आणि इमानाची शपथ घेई. काठी म्हणजे घोडा, चिलखत आणि तलवार, सगळं स्वतःच्या खर्चाने. ही चाकरी बऱ्याच ठिकाणी वर्षाला साधारण 40 दिवसांची मानली जाई. मुलांना हा आकडा भारी आवडतो, कारण पुढचा प्रश्न त्यांचा त्यांनाच सुचतो: वेढा 40 दिवसांत संपला नाही तर? तर योद्धा घरी जायला मोकळा, किंवा पुढच्या दिवसांचे पैसे मोजा.

इथे इंग्लंडच्या विल्यमची गोष्ट सांगावी. 1066 मध्ये त्याने इंग्लंड जिंकलं आणि जमिनी आपल्या माणसांना वाटल्या. फ्रान्समध्ये तो स्वतःच राजाचा बलाढ्य सरदार होता, म्हणजे दुखणं त्याला आतून माहीत. 1086 मध्ये सॉल्सबरीला त्याने महत्त्वाचे जमीनधारक बोलावले आणि ते कुणाचेही माणूस असोत, थेट स्वतःशी इमान राखण्याची शपथ घ्यायला लावली. वाड्याच्या भाषेत, मालकाने पोटभाडेकरूंनाच अंगणात बोलावून घेतलं.

उपमा मात्र इथेच सोडून द्यावी लागते. पोटभाडेकरूच्या खाली शेतकरी आहे, आणि तो भाडेकरू नाही. बांधलेल्या शेतकऱ्याला धन्याच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. आठवड्यातले काही दिवस त्याने धन्याच्या शेतात फुकट राबायचं, धान्य धन्याच्याच गिरणीत दळायचं, मुलीचं लग्न ठरलं तरी धन्याला पैसे भरायचे. तक्रार करायची तर न्यायालयही धन्याचंच. मूल जर म्हणालं, "मग त्याने दुसरीकडे खोली बघायची," तर समजावं की उपमेने त्याला चकवलं. अशा वेळी नवी उपमा शोधण्यात अर्थ नाही. शेतकऱ्याचं सरळ, आहे तसं सांगावं. माझ्या मते मुलालाच विचारावं की वाड्याची गोष्ट कुठे लागू पडत नाही. दोन जागा त्याने नेमक्या सांगितल्या, तर त्रिकोण घोकणाऱ्यापेक्षा त्याला जास्त कळलंय.

मराठी मुलाचा पुढचा प्रश्न ठरलेला: शिंदे-होळकरांचे सरंजाम असेच का? काही अंशी. फौज बाळगण्याच्या अटीवर दिलेलं, इथवर वाडा जुळतो. पण सरंजामात मुळात जमिनीची मालकी नव्हे, तर गावांचा महसूल दिलेला असे. तत्त्वतः तो काढूनही घेता येई, प्रत्यक्षात मात्र तो वंशपरंपरेने चालू लागला. शेतकऱ्यापाशी तर इतिहासकारांचंच जमत नाही. रामशरण शर्मा यांनी 1965 मध्ये प्राचीन आणि पूर्वमध्ययुगीन भारतातल्या सरंजामशाहीवर पुस्तक लिहिलं. पुढे हरबंस मुखिया यांनी हरकत घेतली की इथला शेतकरी आपली शेती बऱ्याच अंशी स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अवजारांनी कसत होता, युरोपातल्यासारखा धन्याच्या शेताला जुंपलेला नव्हता.