पाहुण्यांचं वाय-फाय, काउंटरपासून दूर

समजा, मालवणात बारा खोल्यांचं हॉटेल आहे आणि इंटरनेटची लाइन 100 एमबीपीएसची. रात्री एक पाहुणा मोठी फाइल उतरवायला लावतो आणि काउंटरवर कार्ड मशीन अडकतं. अशा वेळी अनेक मालक जास्त वेगाची लाइन घेतात. तो खर्च बहुधा वाया जातो, कारण एकच मोबाइल तीही भरून टाकू शकतो.

उपाय राउटरमध्ये आहे. 20 एमबीपीएस कार्यालयासाठी राखायचे, उरलेल्या 80 मधून प्रत्येक उपकरणाला कमाल 5 द्यायचे. एचडी चित्रपटाला तेवढे साधारण पुरतात. मात्र ही मर्यादा उपकरणागणिक असते; मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही जोडणाऱ्याला दुप्पट वाटा मिळतो.

खरी चूक वेगळीच होते. वाय-फायला दोन नावं दिली की काम झालं असं वाटतं, पण आतलं जाळं एकच राहतं. पाहुण्यांसाठी वेगळं व्हीलॅन हवं आणि तिथून कार्यालयाच्या जाळ्याकडे जाणारी वाट फायरवॉलने बंद हवी.

तपासणी सोपी आहे. पाहुण्यांच्या वाय-फायला मोबाइल जोडा आणि ब्राउझरमध्ये काउंटरवरच्या प्रिंटरचा आयपी पत्ता टाका. प्रिंटरचं पान उघडलं, तर पाहुण्यांच्या नोंदींचा संगणकही सुरक्षित नाही. राउटर बसवणाऱ्याला त्याच दिवशी बोलवा.