डोहाळे पुरवताना पिशवीत काय नको

घरात गरोदर बाई असली की काय खायचं नाही याची यादी आपोआप तयार होते. पपई उष्ण, अननस उष्ण, तीळ उष्ण. कच्च्या पपईच्या चिकाबद्दलची भीती अगदी निराधार नाही, ती टाळलेलीच बरी. पण पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन फोडी किंवा अननसाचे चार तुकडे यांनी काही बिघडत नाही. एवढी काटेकोर राखण करणारं हेच घर संध्याकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीतून सुटं पनीर आणतं आणि त्यावर चाट मसाला भुरभुरून, प्रथिनं मिळतात म्हणून कौतुकाने तिच्या पुढ्यात ठेवतं. मला काळजी वाटते ती या पनीरची.

कारण आहे लिस्टेरिया नावाचा जिवाणू. तो मातीत, चाऱ्यात, जनावरांच्या आतड्यांत असतो आणि तिथून कच्च्या दुधात उतरतो. बहुतेक जिवाणू फ्रिजमध्ये मंदावतात, हा मात्र चार अंशांवरही सावकाश वाढत राहतो. पदार्थाला वास येत नाही, चव बदलत नाही. धडधाकट माणसाला तो सहसा फारसा त्रास देत नाही. गरोदरपणात बाळाला सामावून घेण्यासाठी शरीराची प्रतिकारशक्ती वेगळ्या पद्धतीने काम करते, त्यामुळे गरोदर बाईला त्याची लागण होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दहापट असते. शिवाय तो वार ओलांडून बाळापर्यंत पोचतो. आईला नुसती कणकण येते आणि तिकडे गर्भपात होतो, दिवस भरण्याआधी बाळंतपण होतं किंवा बाळ जन्मतःच गंभीर आजारी असतं.

लॉस एंजेलिसमध्ये १९८५ साली हेच घडलं. तिथल्या मेक्सिकन वस्त्यांमध्ये केसो फ्रेस्को नावाचं ताजं, पांढरं, मऊ चीज रोजच्या जेवणात असतं. दिसायला थेट आपल्या पनीरसारखं. त्या वर्षी जानेवारी ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिथे १४२ जणांना लिस्टेरियाची लागण झाली. त्यांतल्या ९३ केसेस गरोदर बायकांच्या किंवा त्यांच्या बाळांच्या होत्या. एकूण ४८ मृत्यू झाले आणि त्यांत ३० जीव पोटातले किंवा नुकते जन्मलेले होते. माग काढत आरोग्य खातं एका कारखान्याच्या चीजपर्यंत पोचलं. पाश्चराइज केलेल्या दुधात कच्चं दूध मिसळलं जात असावं, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. चीज सीलबंद पाकिटातलं होतं, त्यामुळे बायकांना शंका येण्याचं कारणच नव्हतं.

पाश्चरायझेशन म्हणजे दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करणं. एवढ्याने लिस्टेरिया मरतो. पण तापवल्यानंतर दुधाला किंवा त्याच्या पदार्थाला पुन्हा काही लागलं, तर आधीची सगळी मेहनत फुकट जाते. म्हणून दुकानात उभं राहून मनाशी दोन प्रश्न विचारावेत: हे नीट तापलं होतं का, आणि तापल्यानंतर त्याला कोणाचे हात लागले?

दुधापासून सुरुवात करू. पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ असं छापलेलं असतं, ते वाचून आणि तारीख बघून घ्यावं. टेट्रा पॅकमधलं दूध त्याहूनही जास्त तापवलेलं असतं. गवळ्याचं दूध घ्यायला हरकत नाही, पण ते नुसतं वर आलं की गॅस बंद, असं करू नये. फेस वर येतो तेव्हा खालचं दूध तेवढं तापलेलं असेलच असं नाही. आच कमी करून, ढवळत दोन-तीन मिनिटं उकळू द्यावं. गावाला गेल्यावर धारोष्ण दुधाचा आग्रह होतो, तिथे मात्र स्पष्ट नाही म्हणावं. कच्च्या दुधातून ब्रुसेलासारखे इतर जिवाणूही येतात. खरवस आवडत असेल तर चीक घरी आणून कुकरमध्ये मधोमध घट्ट होईपर्यंत वाफवावा आणि ताजाच खावा. दुकानातल्या काचेच्या कपाटात कापून ठेवलेल्या वड्या नकोत.

आता पनीर. ते करताना दूध चांगलं उकळतं, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरं असतं. गडबड होते ती पुढे. फडक्यात बांधणं, वजनाखाली दाबणं, मग पाण्याच्या टबात तरंगत ठेवणं. दुकानदार त्या टबात हात घालून लादी काढतो, सुरीने कापतो, त्याच हाताने सुटे पैसे देतो आणि उरलेली लादी परत पाण्यात सोडतो. त्या पाण्यात एकदा लिस्टेरिया शिरला की थंडीमुळे त्याचं काही अडत नाही. तेव्हा सीलबंद, ताज्या तारखेचं पनीर घ्यावं आणि तेही कच्चं न खाता रश्श्यात आतपर्यंत वाफाळेल इतकं शिजवावं. सुट्या पनीरची भाजीसुद्धा अशी नीट शिजवली तर चालते.

चीज म्हटलं की सरसकट नको असं सांगितलं जातं, ते बरोबर नाही. क्यूब आणि स्लाइसच्या रूपात मिळणारं प्रोसेस्ड चीज करतानाच तापवलेलं असतं, ते चालतं. ब्री, कॅमाँबेर, निळ्या बुरशीचं चीज किंवा पाश्चराइज्ड असा उल्लेख नसलेलं मऊ चीज न शिजवता खाऊ नये. उकळलेल्या दुधाचं घरी विरजलेलं दही अगदी निर्धास्त खावं. सुटं पांढरं लोणी कच्च्या सायीचं असू शकतं, पण त्याचं तूप कढवलं की प्रश्न मिटतो.

दुधाबाहेरच्या वस्तूंनाही हेच दोन प्रश्न लागू पडतात. उसाचा रस आणि हातगाडीवरचा फळांचा रस तापवलेला नसतो, वर बर्फ कुठल्या पाण्याचा ते कळत नाही. त्यापेक्षा फळ धुऊन घरी कापून खावं किंवा शहाळं समोर फोडून घ्यावं. नीरा तर उन्हात तासाभरात आंबायला लागते आणि तिच्यात दारूचा अंश येतो, म्हणून ती नकोच. मोड आलेली मटकी जरूर घ्यावी, पण उसळ शिजवून खावी, कच्ची कोशिंबीर नको. अंडं पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवावं. तयार सँडविच आणि थंड सलामी-सॉसेज टाळावेत. मासे ताजे घेऊन पूर्ण शिजवावेत, मुशी मात्र पाऱ्यामुळे नको. कलेजीही नको, कारण तिच्यात ‘अ’ जीवनसत्त्व गरजेपेक्षा फार जास्त असतं.

यातलं काही आधीच खाऊन झालं असेल तर घाबरून जाऊ नये, कारण खाणाऱ्या बहुतेकींना काहीच होत नाही. पण लिस्टेरियाची लक्षणं दिसायला कधी काही दिवस, कधी दोन महिन्यांहून अधिक लागतात, त्यामुळे आजचा ताप आणि गेल्या महिन्यातलं खाणं यांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. ताप, अंगदुखी, कधी पाठदुखी किंवा जुलाब, सगळं साध्या फ्लूसारखंच दिसतं. म्हणून गरोदरपणात ताप आला तर घरच्या घरी गोळी घेऊन वाट बघू नये. डॉक्टरांकडे जावं आणि गेल्या दोन महिन्यांत कच्चं दूध, सुटं पनीर किंवा मऊ चीज खाल्लं असेल तर ते आपणहून सांगावं. शंका आली तर ते रक्ताचं कल्चर करायला सांगतात, आणि वेळेत निदान झालं तर अँपिसिलिनसारख्या जुन्या, गरोदरपणात चालणाऱ्या औषधाने उपचार होतात.