34 गुण गेले कुठे?

दहावीच्या निकालात गणितापुढे ‘अनुत्तीर्ण’ दिसलं की घरात पहिला निर्णय बहुतेक ठरलेला असतो: क्लास लावा आणि पहिल्या धड्यापासून सगळं पुन्हा करा. पूर्वी नापास मुलांची ऑक्टोबरची वारी असायची, तेव्हा हाताशी चार-पाच महिने होते, त्यामुळे हे एक वेळ जमून जायचं. आता राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा जून-जुलैतच होते. निकालाचा धक्का, फॉर्म आणि कागदपत्रं यांतून खऱ्या अभ्यासाला चार-पाच आठवडे उरतात. वर्षभरात जे जमलं नाही ते सगळं या आठवड्यांत बसवण्याचा हट्ट म्हणजे मुलाला दुसऱ्यांदा त्याच भिंतीवर ढकलणं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा मार्चची उत्तरपत्रिका मागवावी. मूल काय करू शकतं आणि नेमकं कुठे अडतं, याचा इतका प्रामाणिक पुरावा दुसरा नाही.

मंडळाकडे ऑनलाइन अर्ज करून, शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. निकालानंतर अर्जाची मुदत थोडे दिवसच असते, त्यामुळे गुणपत्रिका हातात येण्याची वाट न पाहता शाळेत चौकशी करावी. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती मिळाल्यावर अर्जासाठी कामकाजाचे मोजके दिवसच मिळतात. पण पुनर्मूल्यांकनाच्या आशेवर पुरवणीचा फॉर्म मात्र थांबवू नये. दोन्ही अर्ज एकाच वेळी चालू ठेवावेत. अंतर्गत मूल्यमापनाच्या 20 गुणांचं पुढे काय होणार, हेही फॉर्म भरतानाच शाळेत विचारून घ्यावं.

छायाप्रत आली की तिच्या शेजारी मार्चची प्रश्नपत्रिका ठेवायची. ती नसेल तर वर्गमित्राकडून मिळवावी, कारण न सोडवलेले प्रश्न उत्तरपत्रिकेत दिसतच नाहीत आणि सर्वांत जास्त गुण बहुधा तिथेच गेलेले असतात.

उदाहरणादाखल एक मुलगा धरू. त्याला अंतर्गत 13, बीजगणिताच्या म्हणजे भाग 1 च्या पेपरात 40 पैकी 6 आणि भूमितीत 3 गुण मिळाले. एकूण 22. उत्तीर्ण व्हायला 35 लागतात, म्हणजे तेरा कमी. गुणपत्रिका एवढंच सांगते. बीजगणिताची उत्तरपत्रिका उघडून गेलेले 34 गुण आपण तीन रकान्यांत वाटू: प्रश्नाला हातच लावला नाही ते ‘कोरे’, काही गुण मिळाले पण पूर्ण नाहीत ते ‘अर्धे’, आणि उत्तर लिहूनही शून्य मिळालं ते ‘चुकलेले’.

या मुलाचे अर्धवट उत्तरांत सहा गुण गेले, चुकलेल्यांत नऊ आणि कोऱ्या प्रश्नांत तब्बल एकोणीस. आई-वडिलांना वाटत असतं की पोराला गणित येत नाही. पत्रिका सांगते की निम्म्याहून जास्त गुणांसाठी त्याने पेन टेकवलंच नव्हतं.

हे कोरे प्रश्न कोणते? पहिल्या प्रश्नातली एकेक गुणाची दोन उदाहरणं. दुसऱ्या प्रश्नातली दोन गुणांची एक कृती. तिसऱ्यातली तीन गुणांची कृती. बाकीचे बारा गुण थोड्या मोठ्या उदाहरणांचे. यातल्या कृतींकडे मी आधी बोट दाखवेन. कृतीत उत्तराच्या पायऱ्या मंडळानेच छापलेल्या असतात, मधल्या चौकटी तेवढ्या भरायच्या असतात. वरची ओळ आणि खालची ओळ समोर असताना मधला आकडा काढणं हे अख्खं उदाहरण सोडवण्यापेक्षा कितीतरी सोपं काम आहे. तरीही कमकुवत मुलं कृती टाळतात, कारण चौकटींनी भरलेला तो मजकूर लांबलचक दिसतो. या मुलाचे अशा कोऱ्या ठेवलेल्या सोप्या जागांत सात गुण गेले. तयारीचा पहिला आठवडा इथेच घालवावा: मागच्या प्रश्नपत्रिकांतल्या फक्त कृती घ्यायच्या, त्या वहीत उतरवून चौकटी भरायच्या आणि एकही चौकट रिकामी सोडायची नाही.

आता अर्धे प्रश्न. गुण सहाच आहेत, पण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच असतं. मुलाला वाट माहीत होती आणि तो मध्येच घसरला. कुठे घसरला, ते ओळ न् ओळ वाचून शोधायचं.

पहिलं उदाहरण एकसामयिक समीकरणांचं: 2x + 3y = 12 आणि 2x − y = 4. मुलाने दुसरं समीकरण पहिल्यातून वजा करायचं ठरवलं, ते बरोबर होतं. पण 3y मधून −y वजा करताना 4y ऐवजी 2y लिहिलं. मग y = 4, x = 0. अर्धा गुण मिळाला, दीड गेला. हे उत्तर दुसऱ्या समीकरणात घालून पाहिलं असतं तर 4 ऐवजी −4 आलं असतं आणि चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती. खरं उत्तर x = 3, y = 2. म्हणजे त्याला समीकरणांचा धडा पुन्हा शिकण्याची गरज नाही. त्याला दोन सवयी हव्यात: वजाबाकी करताना खालच्या समीकरणाची सगळी चिन्हं बदलून लिहायची आणि शेवटी एका ओळीचा ताळा घ्यायचा.

दुसरं उदाहरण अंकगणिती श्रेढीचं. 5, 9, 13, … या श्रेढीचं विसावं पद काढायचं होतं. त्याने a + (n − 1)d हे सूत्र अचूक लिहिलं आणि किंमत घालताना मात्र 5 + 20 × 4 करून 85 आणलं. हवं होतं 5 + 19 × 4, म्हणजे 81. सूत्र पाठ आहे, पण कंसात एक का वजा करायचा हे समजलेलं नाही. पहिल्या पदापासून विसाव्या पदापर्यंत जायला उड्या एकोणीसच लागतात, हे बोटांवर मोजून एकदा पटलं की ही चूक पुन्हा होणार नाही.

तिसरं सांख्यिकीतल्या मध्याचं. 10–20 पासून 50–60 पर्यंत पाच वर्ग होते. वर्गमध्य, वारंवारता आणि त्यांचे गुणाकार, सगळं सारणीत नीट मांडलं होतं. गुणाकारांची बेरीज 1240 आली होती. इथे भागायला हवं होतं एकूण वारंवारतेने, 40 ने, आणि मध्य आला असता 31. मुलाने वर्गांच्या संख्येने, 5 ने भागलं आणि 248 लिहून पुढच्या प्रश्नाकडे गेला. सर्वांत मोठा वर्ग 60 ला संपतो, मग सरासरी 248 कशी असेल? हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय नव्हती, म्हणून दोन गुण गेले.

चुकलेल्या उत्तरांचं तसं नसतं. या मुलाने दोन फासे टाकल्यावर मिळणाऱ्या नमुना अवकाशात 12 घटक धरले, कारण 6 आणि 6 मिळवले. खरे घटक 36. इथे त्याची समजूतच चुकीची आहे, आणि कितीही उदाहरणं सोडवली तरी ती आपोआप दुरुस्त होत नाही. संभाव्यतेचा धडा शिक्षकांसमोर बसून, छत्तीस जोड्या स्वतःच्या हाताने लिहून शिकावा लागेल. चौथ्या प्रश्नातलं शाब्दिक वर्गसमीकरणाचं चार गुणांचं उदाहरण मात्र मी या मुलापुरतं बाजूला ठेवीन. त्याने त्यावर दोन पानं खर्च केली आणि एकही गुण मिळाला नाही. दोन तासांच्या पेपरात ती दोन पानं लिहिण्यात गेलेला वेळ कृतींना मिळायला हवा होता.

एक गोष्ट पत्रिकेवरून कळत नाही: चूक घाईतली आहे की अज्ञानातली. ते ओळखायला गेलेले सगळे प्रश्न, कोरे धरून, पुस्तक बंद ठेवून आणि घड्याळ न लावता मुलाला पुन्हा सोडवायला द्यावेत. हे जुनं उत्तर दाखवण्याच्या आधी करायचं. आता बरोबर आलं तर तिथे वेळेचं नियोजन आणि ताळा एवढंच काम आहे. पुन्हा तिथेच अडलं तर तो भाग शिकायचा आहे. अर्धा गुण नेमका कोणत्या पायरीचा कापला गेला हे घरी समजत नसेल, तर बोर्डाचे पेपर तपासलेल्या शिक्षकांना तेवढी दोन-तीन पानं दाखवावीत.

यात मोठा धोका एकच आहे. मुलं मार्चचा तोच पेपर इतक्या वेळा सोडवतात की उत्तरं पाठ होतात आणि सगळं जमतंय असा भास होतो. पुरवणीत आकडे आणि उदाहरणं वेगळी असणार. म्हणून दुरुस्त केलेल्या प्रत्येक उदाहरणासाठी त्याच प्रकारची आणि तेवढ्याच गुणांची तीन नवी उदाहरणं सरावसंचातून, संकीर्ण प्रश्नसंग्रहातून किंवा जुन्या पेपरांतून काढावीत. ती त्याच दिवशी न सोडवता दोन-तीन दिवसांनी सोडवावीत. तेव्हाही ताळ्यासह बरोबर आली, तरच ती चूक यादीतून खोडायची.

आता हिशेब. सोप्या कोऱ्या जागांतल्या सातांपैकी पाच, अर्ध्या उत्तरांतल्या सहांपैकी चार आणि संभाव्यतेच्या दोनांपैकी एक, असे दहा गुण परत आले तर बीजगणितात 6 चे 16 होतात. अंतर्गत 13 आणि भूमितीचे जुने 3 धरले तर बेरीज 32, तीन अजून कमी. भूमितीतही असंच काम करून 3 चे 9-10 करता आले तर पुरवणीच्या दिवशी तीन-चार गुण इकडेतिकडे झाले तरी चालतं. तेवढी जागा ठेवायलाच हवी, बरोबर 35 वर नेम धरू नये.

भूमितीच्या पत्रिकेत रकाने तेच, शोधायच्या चुका मात्र वेगळ्या. कच्ची आकृती न काढताच रचनेला सुरुवात केली आहे का? प्रमेय लिहिताना पक्ष आणि साध्य या ओळी गाळल्या आहेत का? समरूप त्रिकोणांची नावं लिहिताना शिरोबिंदूंचा क्रम एकास एक जुळतो का? क्रम चुकला की पुढची सगळी गुणोत्तरं चुकतात, आणि मुलाला वाटतं की प्रमेयच आलं नाही. एका पानावर अशी तीनेक वाक्यं सापडली की भूमितीचा पहिला आठवडा कुठे घालवायचा ते ठरतं.

शेवटच्या आठवड्यात दोन तास घड्याळ लावून दोन-तीन पूर्ण पेपर सोडवावेत, क्रम मात्र ठरवून घेतलेला असावा: आधी पहिला प्रश्न, मग दोन्ही कृती, मग दोन गुणांची जमणारी उदाहरणं, मग तीन गुणांची, आणि चार गुणांचं उदाहरण वेळ उरला तरच. प्रत्येक पेपरानंतर गेलेले गुण त्याच तीन रकान्यांत लिहावेत. ‘कोरे’च्या रकान्यात कृती अजूनही दिसत असेल तर नवीन धडा उघडायचा नाही, त्या दिवशी पुन्हा कृतीच करायच्या.