पहिली खरेदी जिंगलची, दुसरी कुणाची?

गेराल्ड गॉर्न यांनी कॅनडात केलेला एक प्रयोग १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जाहिरातींच्या अभ्यासात तो आजही पहिल्यांदा सांगितला जातो. दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांना वर्गात बसवून सांगण्यात आलं की, एका साध्या पेनाच्या जाहिरातीसाठी संगीत निवडायचं आहे. पडद्यावर पेनाचं चित्र आणि सोबत मिनिटभर संगीत. काहींच्या वेळी पेन फिकट निळं होतं, काहींच्या वेळी बदामी. काहींना ‘ग्रीस’ या गाजलेल्या चित्रपटातलं संगीत ऐकवलं, काहींना भारतीय शास्त्रीय संगीत. ग्रीसचं संगीत तिथल्या मुलांना आवडतं आणि भारतीय संगीत आवडत नाही, हे आधीच पाहून घेतलेलं होतं. शेवटी आभार म्हणून प्रत्येकाला एक पेन भेट दिलं, रंग ज्याचा त्याने निवडायचा. आवडतं संगीत ऐकलेल्यांपैकी ७९ टक्क्यांनी पडद्यावर पाहिलेल्याच रंगाचं पेन उचललं. नावडतं संगीत ऐकलेल्यांपैकी पडद्यावरचा रंग घेणारे फक्त ३० टक्के निघाले. कारण विचारल्यावर बहुतेकांनी रंगाची आवड सांगितली. संगीताचं नाव फार थोड्यांच्या तोंडी आलं.

मराठी वाचकाला यातली एक गोष्ट चटकन जाणवेल. सवाई गंधर्व महोत्सवात तासन्‌तास बसणाऱ्या श्रोत्यांवर हाच प्रयोग केला असता, तर पारडं बहुधा उलट झुकलं असतं. म्हणजे संगीत स्वतःहून सुखद किंवा दुःखद नसतं. ऐकणाऱ्याच्या कानांनी आधी काय शिकलंय, त्यावर ते ठरतं. परदेशात गाजलेली जाहिरातीची धून जशीच्या तशी इथे वाजवली की ती का पडते, याचं एक कारण इथेच आहे.

या प्रयोगामागे इव्हान पाव्हलॉव्ह यांचं काम आहे. अन्न पाहून कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, ते शिकवावं लागत नाही. पण अन्नाच्या आधी दरवेळी एखादा ठरावीक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेही पाणी सुटू लागतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला अभिजात अभिसंधान म्हणतात. गॉर्न यांच्या वर्गात अन्नाच्या जागी आवडतं संगीत होतं, आवाजाच्या जागी पेनाचा रंग होता आणि सुटलेल्या पाण्याच्या जागी मनात उमटलेली प्रसन्नता. पेनाने स्वतः काहीच केलेलं नाही. ते फक्त सुखाच्या शेजारी उभं राहिलं.

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. स्टुअर्ट, शिम्प आणि एंगल यांनी १९८७ मध्ये ‘ब्रँड एल’ नावाची काल्पनिक टूथपेस्ट आणि निसर्गातली रम्य दृश्यं यांची जोडी लावून पाहिली. नाव आधी आणि दृश्य नंतर असेल, तर आवड जास्त वाढली. दृश्य आधी आणि नाव नंतर, तर परिणाम कमी झाला. जोडी जितक्या जास्त वेळा लावली तितकी पकड घट्ट झाली. आणखी एक निष्कर्ष मला या सगळ्यांत अधिक महत्त्वाचा वाटतो. लोकांनी ते नाव आधी नुसतंच, कुठल्याही सुखद गोष्टीविना, अनेकदा पाहिलेलं असेल, तर नंतरची जोडी कमी लागते. म्हणून नव्या, अनोळखी नावावर जिंगल जेवढी चढते, तेवढी वर्षानुवर्षं दुकानात पाहून डोळ्यांच्या सवयीच्या झालेल्या नावावर चढत नाही. संपूर्ण जाहिरात गाण्यात घालवून शेवटच्या सेकंदाला नाव दाखवणं हीसुद्धा याच हिशेबाने चूक ठरते.

आपल्याकडे रेडिओवरच्या जाहिरातींचा जुना इतिहास आहे. १९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. तेव्हापासूनच्या कितीतरी जिंगल लोकांना शब्दन् शब्द पाठ आहेत. पण पाठ असणं म्हणजे अभिसंधान नव्हे. परीक्षेच्या उत्तरांत आणि कंपन्यांच्या बैठकांतही हा घोटाळा नेहमी होतो. वीस वर्षांत न वापरलेल्या साबणाचं गाणं माणूस म्हणून दाखवू शकतो, ती त्याची स्मरणशक्ती. अभिसंधान झालं की नाही हे पाहायचं असेल, तर त्या नावाबद्दलची भावना बदलली का आणि समोर दोन सारख्या वस्तू ठेवल्यावर हात कुठे गेला, हे पाहावं लागतं.

जिंगलला मर्यादाही आहेत. गॉर्न यांनीच दुसऱ्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना आधीच सांगितलं की, तुम्हाला पेनाबद्दल निर्णय घ्यायचा आहे. तेव्हा बहुतेक जण संगीताकडून पेनाच्या माहितीकडे वळले. पुढे १९८९ मध्ये केलारिस आणि कॉक्स यांनी तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला, तेव्हा त्यांना संगीताचा परिणाम दिसलाच नाही. गॉर्न यांच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगाचा हेतू ओळखला असावा, अशी शंका त्यांनी मांडली. माझ्या मते, एवढ्यावरून संगीताची ताकद शून्य ठरत नाही. मात्र एकदा मिनिटभर ऐकलेल्या संगीताने माणूस बांधला जातो, हा समज सोडून द्यावा लागतो. जिंगल खपते ती स्वस्त, रोजच्या आणि एकमेकींसारख्या वस्तूंसाठी, जिथे निवड करताना कुणी डोकं खर्च करत नाही. आणि तिथेही तिचं काम पहिल्या खरेदीपर्यंतच असतं.

पुढचं काम वेगळ्या शिकण्याचं आहे. जिंगल ऐकायला ग्राहकाला काहीच करावं लागत नाही, तो बसल्या जागी ऐकतो. बक्षीस मात्र त्याने काहीतरी केल्यानंतरच हातात पडतं. कृती आधी, फळ नंतर, आणि फळ गोड असेल तर कृती पुन्हा घडते. बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरं घेऊन याचा बारकाईने अभ्यास केला. यालाच साधक अभिसंधान म्हणतात. सुखद गोष्ट ग्राहकाच्या कृतीवर अवलंबून आहे की नाही, एवढं विचारलं की दोन्हींतला फरक स्पष्ट होतो.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाक्यावरच्या दुकानात कॉफी ४० रुपयांना आहे. मालक कार्ड काढतो: दहा कॉफींवर दहा शिक्के, अकरावी फुकट. ग्राहक ४०० रुपये देऊन ४४० रुपयांची कॉफी पितो, म्हणजे सवलत सुमारे ९ टक्के. मग दरवेळी सरळ ३६ रुपयेच का घेऊ नयेत? खर्च जवळजवळ तेवढाच. पण ग्राहक दोन वेगळे धडे शिकतो. रोजच्या सवलतीत कॉफीची किंमत ३६ हे त्याच्या मनात बसतं आणि सवलत काढली की ४० रुपये महाग वाटतात. कार्डात किंमत ४०च राहते आणि बक्षीस पुढे दिसत राहतं.

बक्षीस जवळ येतं तशी पावलं जलद पडतात. क्लार्क हल यांनी १९३० च्या दशकात उंदरांत हे पाहिलं होतं. किवेट्झ, उर्मिन्स्की आणि झेंग यांनी २००६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या कॉफीच्या कार्डावर तेच दाखवलं: पहिल्या शिक्क्यापासून शेवटच्यापर्यंत दोन खरेदींमधलं अंतर सरासरी सुमारे एक पंचमांशाने कमी झालं. फुकटची कॉफी मिळाली की वेग पुन्हा मंदावला. त्याच वर्षी न्यून्स आणि ड्रेझ यांनी अमेरिकेतल्या एका गाडी धुण्याच्या केंद्रावर ३०० कार्डं वाटली. अर्ध्यांवर आठ रिकामे चौकोन होते. उरलेल्यांवर दहा होते, पण त्यातले दोन आधीच भरलेले. म्हणजे दोघांनाही आठच वेळा यायचं होतं. पहिल्या गटात १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यात ३४ टक्क्यांनी. काम तेवढंच होतं, फक्त सुरुवात झाल्यासारखी वाटत होती.

आपल्या नाक्यावरच्या मालकाने शिक्क्याशेजारी तारीख लिहायची सवय लावली, तर त्याला सगळं दिसेल. समजा, सुरुवातीला दोन कॉफींत चार दिवसांचं अंतर आहे, शेवटी ते तीनवर आलं आणि फुकट कॉफीनंतर पुन्हा चारवर गेलं. इथवर ठीक. पण बक्षिसानंतर ते सहा-सात दिवसांवर गेलं, तर कार्डाने खरेदी वाढवली नाही, पुढची फक्त अलीकडे ओढली. आणि ज्यांचं अंतर कार्डाआधी होतं तेवढंच कार्डासहही राहिलं, ते असेही आलेच असते. त्यांना दिलेली प्रत्येक अकरावी कॉफी मालकाच्या खिशातून गेली.

बक्षिसाचा सर्वांत मोठा धोका रॉथशिल्ड आणि गायडिस यांनी १९८१ मध्येच सांगून ठेवला होता. ग्राहक वस्तू विकत घ्यायला शिकतो की सवलत? फुकट नमुना, मग मोठं कूपन, मग लहान कूपन, मग पूर्ण किंमत, अशा पायऱ्यांनी त्याला आणायचं असतं. प्रत्येक पायरीवर बाहेरचं बक्षीस कमी व्हावं आणि वस्तूचं स्वतःचं सुख पुढे यावं. वस्तूत ते सुख नसेल, तर कूपन थांबताच माणूसही थांबतो. कूपन असलेल्या दुसऱ्या दुकानात तो आधीच पोहोचलेला असतो.

याचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये गूगलने ‘तेझ’ आणलं, २०१८ मध्ये त्याचं ‘गूगल पे’ झालं. पैसे पाठवले की स्क्रॅच कार्ड, त्यात कधी काही रुपये, कधी काहीच नाही. किती मिळेल आणि केव्हा, हे ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येक व्यवहारानंतर कार्ड खरवडून पाहायची ओढ लागते. अशा अनियमित बक्षिसाने लागलेली सवय बक्षीस थांबल्यावरही बराच काळ टिकते, कारण ‘आज नाही मिळालं’ याचा अर्थ ‘आता मिळणारच नाही’ असा लगेच निघत नाही. २०१९ च्या दिवाळीत पाच शिक्के जमवले की २५१ रुपये मिळायचे, आणि त्यातला रांगोळीचा शिक्का सापडेना म्हणून लोक एकमेकांकडे मागत होते.

पुढे कार्डांतली रक्कम आटली आणि ‘पुढच्या वेळी’ असं सांगणारी कार्डं नेहमीची झाली. नियमाप्रमाणे लोकांनी पैसे पाठवणं सोडायला हवं होतं. तसं झालं नाही. भाजीवाल्याला नेमके ३७ रुपये देता येणं, सुट्ट्या पैशांची कटकट मिटणं, रात्री अकरा वाजताही गावी पैसे पोहोचणं, हे सुख प्रत्येक व्यवहारात तत्काळ मिळत होतं आणि त्यासाठी कुठलंच कार्ड खरवडावं लागत नव्हतं. स्क्रॅच कार्डने लोकांकडून ती कृती पुरेशा वेळा करून घेतली होती. त्यानंतर ती टिकवण्याचं काम सोयीनेच केलं.