ज्येष्ठांच्या यात्रेला नाव ठेवताना

आमच्या फलटण तालुक्यातल्या एका बचत गटाने यंदा वेगळा धंदा धरलाय. साठी-सत्तरीच्या माणसांना गाडीने देवदर्शनाला न्यायचं. पहिली यात्रा अष्टविनायकाची. गाडी ठरली, स्वयंपाकाला सोबत कोण जाणार ते ठरलं, आणि घोडं अडलं नावापाशी. बॅनर छापायला टाकायचा, तर वर लिहायचं काय? त्यांच्या दोन बैठकांना मी होते. तिथं झालेलं बोलणं आज सांगते, म्हणजे असा धंदा काढायचं ज्यांच्या मनात आहे त्यांना उपयोग होईल.

सुरुवातीला सगळ्यांच्या तोंडी देवाचीच नावं आली. एकीने म्हटलं, ‘अष्टविनायक यात्रा’. नाव चांगलं, पण त्या नावाच्या गाड्या प्रत्येक तालुक्याला सापडतील. शिवाय पुढच्या वर्षी पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर केलं, तर बॅनर बदलायचा का? देवाचं नाव कुठं जायचं ते सांगतं, कसं नेणार ते सांगत नाही. म्हाताऱ्या माणसाला खरी धास्ती ‘कसं’ची असते. गाडी लघवीला थांबेल का, पायऱ्या चढताना मागे राहिले तर कोणी ओरडेल का, रात्री वरच्या मजल्यावर खोली दिली तर काय करायचं?

मग आलं ‘श्रावणबाळ’. हे नाव ऐकून सगळ्या खूश झाल्या. आंधळ्या आई-बापाला कावडीत बसवून तीर्थाला नेणारा मुलगा, याहून नेमकं काय असणार? पण हे नाव दोन कारणांनी मागे पडलं. एक म्हणजे त्या कथेचा शेवट. श्रावण वाटेतच बाण लागून जातो आणि त्याच्या शोकाने आई-बापही जातात. यात्रेच्या गाडीवर ही कथा कोणाला आठवायला नको. दुसरं कारण जास्त व्यवहाराचं आहे. श्रावणबाळ म्हटलं की आपल्या गावात आधी आठवते ती निराधारांची पेन्शन, कारण सरकारी योजनेचंच ते नाव आहे. लोक विचारत येणार, ‘ही यात्रा फुकट आहे का, कागद कोणते लागतात?’ पैसे सांगितले की म्हणणार, सरकारच्या नावावर लुटतायत. सरकारचं पाठबळ आहे असं भासवणारं नाव धंद्याला लावायला 1950 पासून कायद्यानेही मनाई आहे. त्यामुळे अशा नावापासून लांबच राहावं.

सगळ्यात जास्त वेळ गेला ‘विसावा’वर. आमच्याकडे ज्ञानोबांची पालखी येते, त्यामुळे विसावा म्हणजे पालखी वाटेत थोडी टेकते ती जागा, हे पोरासोरांनाही माहीत. तरुण बायकांना नाव एकदम पसंत पडलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, ‘अगं, तिरडीसुद्धा विसाव्यालाच ठेवतात.’ मग कोणी काही बोललंच नाही. गावोगावी स्मशानाच्या वाटेवर खांदा बदलायची जागा असते, तिलाही विसावाच म्हणतात. तिशीतल्या बाईला ते सुचणार नाही, सत्तरीतल्या बाईला ते आधी सुचतं. ‘वैकुंठ’, ‘मोक्ष’, ‘मुक्ती’ यांचंही तसंच. देवळात हे शब्द गोड लागतात, पण गाडीवर ‘वैकुंठ’ लिहिलं तर शववाहिनी वाटेल. म्हणून माझं म्हणणं असं, की नाव पक्कं करण्याआधी ज्या वयाची माणसं न्यायची त्या वयाच्या चार जणी बैठकीला बसवाच.

‘ज्येष्ठ’ आणि ‘वृद्ध’ हे शब्दही नावात नको झाले. ‘मी काही म्हातारी नाही’ असं सांगणारीच बाई आधी पैसे भरते! ‘दमानं यात्रा’ हे गमतीत सुचलं होतं, पण दम्याच्या पेशंटची गाडी वाटेल म्हणून हसून सोडून दिलं. ‘सावकाश’वर एकीच्या मुलाने फोनवरून सांगितलं, ‘हे नाव ऐकलं की गाडी उशिरा पोचणार असं वाटतं.’ त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं. यात्रा आईची असली तरी बऱ्याच घरांत पैसे पुण्यातला मुलगा भरतो.

शेवटी राहिलं ‘निवांत यात्रा’. निवांत म्हणजे घाई नाही आणि जिवाला आरामही आहे, दोन्ही एका शब्दात आलं. त्याची परीक्षा अशी घेतली. पासष्टीच्या पुढच्या पाच जणींना फोन करून नाव एकदाच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं. पाचही जणींनी बरोबर सांगितलं. तुलनेला ‘कम्फर्ट टूर्स’ही सांगितलं होतं. त्याचं एकीने ‘कंपोट’ केलं आणि दोघींना आठवलंच नाही. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत Nivant लिहून दाखवलं, तेही पोरांनी नीट वाचलं.

पण नियोजन नीट आहे, हे ‘निवांत’मधून कळत नाही. ते एका शब्दात बसतही नाही. त्यासाठी नावाखाली एक ओळ घातली, ‘दिवसाला दोनच गणपती, मुक्काम तळमजल्यावर’. आणि ही ओळ लिहिल्यावर खरं काम सुरू झालं, कारण बाजारातल्या पुष्कळ गाड्या आठही गणपती दोन दिवसांत उरकतात. वही काढून पुन्हा मांडणी केली. पहिल्या दिवशी मोरगाव आणि सिद्धटेक, दुसऱ्या दिवशी थेऊर आणि रांजणगाव. तिसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत लेण्याद्री, कारण तिथं तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्या डोलीचं आदल्या दिवशीच बोलून ठेवायचं. दुपारनंतर ओझर. चौथ्या दिवशी महड आणि पाली लिहिलं, तेव्हा ड्रायव्हरदादा म्हणाले, ‘ओझरहून महडला चार तास तरी धरा, थांबत गेलात तर जास्तच.’ म्हणून चौथ्या दिवशी फक्त महड ठेवलं आणि पाली पाचव्या दिवशी. यात्रा मोरगावला सुरू झाली की मोरगावलाच संपवायची, असं मानणाऱ्या पुष्कळ. तेव्हा पाचवा मुक्काम पुण्याजवळ आणि सहाव्या दिवशी मोरगाव करून घरी. दोन दिवसांचे सहा झाले. दर वाढला आणि आठ-दहा जणींनी नावं काढून घेतली. उरलेल्या मात्र दोन दिवसांच्या गाडीत कधीच बसल्या नसत्या. मुक्काम वाढवायचे नसतील, तर निवांत हे नाव लावू नये.

आता कागदांचं. नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लिहू नका. तशी कंपनी नोंदवल्याशिवाय ते लिहिणं गुन्हा आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर तेच नाव आधी कोणी घेतलंय का, ते फुकट पाहता येतं. प्रवासाचा धंदा तिथं 39 क्रमांकाच्या वर्गात येतो. उद्यमचा दाखला असेल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे 4,500 रुपये पडतात. ‘आरामदायी यात्रा’सारखं नुसतं वर्णन करणारं नाव तिथं सहसा मंजूर होत नाही, कारण तो शब्द सगळ्यांचाच. ‘निवांत’लाही तशी हरकत येऊ शकते. म्हणून गटाने पुढे आपल्या गावाचं नाव जोडलं आणि हा खर्च पहिली यात्रा होईपर्यंत थांबवला.

बॅनर आता छापून आलाय. त्याच्याबरोबर पिशवीला बांधायच्या पिवळ्या पट्ट्याही आल्या. त्यांवर नाव आणि फोन नंबर मोठ्या, जाड अक्षरांत आहे. गणपतीचं चित्र मात्र पट्टीवर मुद्दाम टाकलं नाही, कारण पट्टी तुटून पायाखाली आली की आज्यांचा जीव कासावीस होतो.