आठ मात्रांत ओळख

कथकच्या क्लासची रील दारावरच्या पाटीने सुरू झाली, की मला हळहळ वाटते. पाटी, फिरणारा लोगो आणि मग ‘नमस्कार, आज मी तुम्हाला आमच्या क्लासबद्दल सांगणार आहे’. एवढ्यात तीन-चार सेकंद जातात, आणि मुलीसाठी क्लास शोधणाऱ्या आईला अजून काहीच कळलेलं नसतं. तिचा अंगठा तोवर पुढच्या रीलवर गेलेला असतो.

कथकच्या बाईंजवळ याहून चांगली सुरुवात आहे: तत्कार. तीनतालाच्या सोळा मात्रा. मिनिटाला १६० मात्रांची लय धरली तर आठ मात्रा बरोबर तीन सेकंदांत होतात. म्हणून तत्कार समेपासून नको, नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून घ्यावा. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ संपताच तिसऱ्या सेकंदाला सम येते. तोवर पडद्यावर फक्त घुंगरू बांधलेले पाय दिसावेत आणि समेवर बाईंचा चेहरा यावा. घुंगरांचा आवाज स्वतःचाच असल्याने गाण्याच्या हक्कांचा प्रश्नही उरत नाही.

पुष्कळ जण रील आवाज बंद ठेवून बघतात, त्यामुळे पायांवरच अक्षरं हवीत: ‘कथक, वय ७ पासून, महिना १२०० रुपये’. ती पडद्याच्या मध्याच्या थोडी वर ठेवावीत, कारण खालचा भाग खात्याच्या नावाने आणि मजकुराने झाकला जातो.

समेनंतर बोलायचं ते बाईंनी स्वतः. चालकांनी शेजारी उभं राहून केलेलं कौतुक तिथे अडगळ होतं. मी असं लिहीन:

‘मी (नाव). कथक विशारद. बारा वर्षं शिकवतेय. आठवड्याला दोन दिवस, एकेक तास. महिन्याला बाराशे. घुंगरू आणि परीक्षेची फी वेगळी.’

सावकाश बोललं तरी हे दहा-बारा सेकंदांत बसतं. ‘विशारद’ म्हणताना मात्र जपावं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण अशा दोन पायऱ्या असतात. पहिलीच झाली असेल तर तसंच सांगावं. विचारणारे पालक असतात.

फीचा आकडा लपवून ‘फीसाठी मेसेज करा’ लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. मेसेज खूप येतात, पण त्यातले बरेचसे ‘फी किती?’ एवढंच विचारून गप्प होतात. आकडा दिसला तर मेसेज कमी येतील, पण ते वेळ, जागा आणि मुलीच्या वयाबद्दल असतील. महिन्याला आठ तास धरले तर बाराशे म्हणजे तासाला दीडशे, हा हिशेब आई स्वतःच करते.

टाकण्याआधी रील आवाज बंद करून घरातल्या कुणाला तीनच सेकंद दाखवावी आणि काय शिकवतात, किती पैसे, हे विचारावं. दोन्ही उत्तरं आली नाहीत, तर अक्षरं लहान आहेत किंवा जास्त आहेत.